सरतपासात सूचक प्रश्न कसे टाळायचे? गव्हाच्या मळ्यातल्या साक्षीदाराचे उदाहरण

प्रश्न: सर, मी जळगावला एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अभिरूप न्यायालयाच्या परीक्षेत मला सरकारी वकील म्हणून आमच्याच साक्षीदाराचा सरतपास घ्यायचा आहे. साक्षीदार माझा वर्गमित्रच आहे. सराव करताना माझ्या तोंडून सारखे ‘हो ना?’, ‘बरोबर ना?’ असेच प्रश्न निघतात आणि समोरचा मित्र लगेच हरकत घेतो. ‘कोण, काय, कुठे’ने सुरुवात केली तरीही काही वेळा हरकत मान्य होते. सूचक प्रश्न न विचारता सराव कसा करायचा?

उत्तर:

तुमच्या प्रश्नातले शेवटून दुसरे वाक्य फार कामाचे आहे, कारण खरी अडचण तिथेच आहे. ‘हो ना’ काढून टाकले आणि पुढे ‘काय’ लावले की प्रश्न शुद्ध झाला, असा समज विद्यार्थ्यांत असतो. कायदा प्रश्नाचा पहिला शब्द बघत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम १४६ असे सांगते की विचारणाऱ्याला जे उत्तर हवे आहे किंवा अपेक्षित आहे ते सुचवणारा प्रश्न म्हणजे सूचक प्रश्न. जुन्या १८७२ च्या कायद्यात हीच गोष्ट कलम १४१ ते १४३ मध्ये विभागलेली होती. नवा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. परीक्षेत कुठला आकडा सांगायचा हे तुम्हाला दिलेल्या प्रकरणाच्या तारखांवरून आधीच ठरवून ठेवा.

आता हा प्रश्न बघा: ‘आरोपी पळाला तेव्हा त्याच्या हातात काय होते?’ सुरुवात ‘हो ना’ने नाही, शेवटही ‘काय होते’ने आहे. पण साक्षीदाराने अजून ‘आरोपी’ म्हटलेले नाही, ‘पळाला’ म्हटलेले नाही आणि हातात काही होते असेही म्हटलेले नाही. तिन्ही गोष्टी वकिलाने स्वतः पुरवल्या. तुमच्यावर मान्य होणाऱ्या हरकती बहुतेक अशाच प्रश्नांवरच्या असणार. उलट ‘तुम्ही त्या माणसाला आधी कधी पाहिले होते का?’ याचे उत्तर हो किंवा नाही असेच येते, तरी तो सूचक होत नाही, कारण दोन्हीपैकी कुठले उत्तर हवे हे त्यातून कळत नाही. तेव्हा कसोटी एकच ठेवा: माझ्या प्रश्नातली कुठली गोष्ट साक्षीदाराच्या तोंडून अजून आलेली नाही?

हे एका प्रकरणावर करून बघू. अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठी एक मळा आहे असे धरा. डिसेंबरची रात्र, गव्हाला पाणी चालू आहे. विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची केबल चोरीला गेली आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली खटला उभा राहिला. आरोपी खालच्या मळ्याचा बटाईदार. तुमचा साक्षीदार म्हणजे शेतमालकाचा सालदार, ज्याने त्याला पाहिले. बचावाचा रोख उघड आहे: रात्र अंधारी होती, लाईन गेलेली होती, सालदार तिथे नव्हताच, आणि असला तरी पाण्याच्या पाळीवरून दोघांत कुरबूर असल्याने त्याने नाव घुसवले.

प्रश्न लिहायला बसू नका. आधी उत्तरे लिहा. या साक्षीदाराच्या तोंडून काय काय यायला हवे ते एका कागदावर, एकेका ओळीत: मी सालदार आहे, त्या रात्री मळ्यात होतो, लाईन गेली, विहिरीकडून आवाज आला, बॅटरी घेऊन गेलो, निंबाजवळ थांबलो, माणूस दिसला, तोंड दिसले, तो मला ठाऊक आहे, तो केबल गुंडाळत होता, पळाला, मी लगेच मालकाला जाऊन सांगितले. मग प्रत्येक ओळीपुढे खूण करा: यातले वादात काय आहे आणि काय नाही? कलम १४६(३) नुसार प्रास्ताविक, निर्विवाद किंवा आधीच पुरेशा सिद्ध झालेल्या बाबींवर सूचक प्रश्नांना न्यायालयाने परवानगी द्यायची असते. म्हणून ‘तुम्ही या गावी सात वर्षांपासून सालदारकी करता?’ असे खुशाल विचारा. तिथे ‘आपण कोण, कुठे राहता, काय करता’ करत वेळ घालवू नका. पण ही सूट कुठे संपते हे नीट ठरवा. ‘त्या रात्री तुम्ही गव्हाला पाणी भरायला मळ्यात होतात?’ हा प्रश्न प्रास्ताविक वाटतो आणि विद्यार्थी तो बेधडक विचारून मोकळे होतात. या प्रकरणात तर सालदाराची हजेरी हीच वादाची पहिली बाब आहे. सूट तिच्या एक पाऊल आधीच संपली.

त्या जागेवरून सरतपास असा चालू द्या:

प्र. त्या रात्री तुम्ही कुठे होतात?
उ. मळ्यात.
प्र. मळ्यात काय करत होतात?
उ. गव्हाला पाणी भरत होतो.
प्र. पाणी रात्री का भरत होतात?
उ. त्या आठवड्यात लाईन रात्रीची होती.
प्र. पाणी भरताना पुढे काय झाले?
उ. लाईन गेली. मी बांधावर बसलो. थोड्या वेळाने विहिरीकडून खडखड आवाज आला.
प्र. आवाज आल्यावर तुम्ही काय केले?
उ. बॅटरी घेऊन तिकडे गेलो.
प्र. कुठपर्यंत गेलात?
उ. निंबापर्यंत.

यात काय चालले आहे ते बघा. प्रत्येक प्रश्नाचा पाय मागच्या उत्तरावर आहे. ‘मळ्यात’ हा शब्द त्याने दिला म्हणून तुम्ही वापरला, ‘आवाज’ त्याने दिला म्हणून वापरला. कोऱ्या ‘मग पुढे काय झाले’ने साक्षीदार भलतीकडे जातो किंवा एका दमात सगळे सांगून टाकतो. त्याचाच शब्द उचलला की तुम्ही त्याला जागेवर आणता आणि हरकतीला तोंडही उरत नाही. ‘रात्री का’ हा प्रश्न मुद्दाम आहे. साक्षीदार डिसेंबरच्या थंडीत मध्यरात्री मळ्यात का होता, ही शंका खान्देशातल्या कुठल्याही शेतकऱ्याला येणार नाही, पण परीक्षकाला येऊ शकते. कारण साक्षीदारानेच दिले की हजेरी आपोआप खरी वाटते. उलटतपासात ‘का’ विचारणे धोक्याचे, सरतपासात तेच तुमचे हत्यार.

आता ओळख. या साक्षीचा जीव इथे आहे आणि सूचक प्रश्नांचा मोहही इथेच सर्वांत जास्त होतो. ‘बॅटरीच्या उजेडात तुम्हाला आरोपीचा चेहरा स्पष्ट दिसला?’ या एका ओळीत तुम्ही सगळी साक्ष स्वतःच देऊन टाकली. साक्षीदार ‘हो’ म्हणाला तरी त्या ‘हो’ला वजन काय? ते एक वाक्य फोडून पाच-सहा उत्तरे करायची:

प्र. निंबाजवळून विहीर किती लांब आहे?
उ. दहा-बारा पावलं.
प्र. तिथे उभे राहून काय पाहिले?
उ. एक माणूस वाकून केबल गुंडाळत होता.
प्र. तो माणूस तुम्हाला कशाच्या उजेडात दिसला?
उ. माझ्या बॅटरीच्या.
प्र. बॅटरीचा झोत कुठे होता?
उ. आधी त्याच्या हातावर पडला. त्यानं वर पाहिलं तेव्हा तोंडावर.
प्र. तोंडावर झोत किती वेळ होता?
उ. तो उठून उभा राहिला तोवर.
प्र. त्या माणसाला तुम्ही त्याआधी पाहिले होते का?
उ. हो. नेहमीच.
प्र. कुठे?
उ. तो खालच्या मळ्याचा बटाईदार आहे. पाण्याच्या पाळीला भेट होते.

‘आरोपी’ हा शब्द तुमच्या तोंडी एकदाही आलेला नाही. साक्षीदार जोवर ‘एक माणूस’ म्हणतो तोवर तुम्हीही ‘तो माणूस’च म्हणायचे. तुमचा मित्र अहिराणीतून ‘एक माणूस दिसना’, म्हणजे दिसला, असे म्हणाला, तर पुढचा प्रश्न ‘तो माणूस काय करत होता’ असा. ‘आरोपी काय करत होता’ असा नाही. अमळनेर-पारोळ्याकडची मुले साक्षीदाराच्या भूमिकेत अहिराणीत शिरली की वकील झालेला मित्र ते उत्तर मनात प्रमाण मराठीत आणि कायद्याच्या भाषेत करून घेतो. दोन प्रश्नांनी ‘माणूस’चा ‘आरोपी’ होतो, ‘गुंडाळत होता’चे ‘चोरून नेत होता’ होते, आणि कोणी लक्षात आणून देईपर्यंत त्याला पत्ताही नसतो.

बटाईदाराशी कुरबूर असेल तर ती लपवू नका. ‘त्याच्याशी तुमचे संबंध कसे होते?’ हा साधा खुला प्रश्न सरतपासातच विचारा. ‘पाळीवरून एकदा बोलाचाली झाली होती, नंतर काही नाही’ हे साक्षीदाराने आपणहून सांगितले, तर उलटतपासात त्याला धार उरत नाही. मात्र ‘तुमचे काही वैर नव्हते ना?’ असे विचारू नका. तो सूचक तर आहेच, शिवाय ‘नाही’ असे खोटे उत्तर काढून घेतो आणि मग विरुद्ध वकिलाचे काम आयतेच होते.

अंतराबाबत एक खास परीक्षेची गोष्ट. ‘तुम्ही बसला आहात तिथून त्या दाराइतके अंतर होते का?’ असे विचारले तर दार तुम्ही निवडले, म्हणजे अंतर तुम्ही सुचवले. त्याऐवजी ‘या खोलीत कुठपासून कुठपर्यंत होईल ते दाखवा’ म्हणा. त्याने दाखवले की न्यायालयाला विनंती करा की साक्षीदाराने अंदाजे अमुक फूट अंतर दाखवले अशी नोंद घ्यावी. हे न केल्यास हाताने दाखवलेले अंतर कागदावर येतच नाही.

शेवटी बोट दाखवणे. ‘हाच तो माणूस ना?’ म्हणत आरोपीच्या पिंजऱ्याकडे हात करणे म्हणजे आतापर्यंतची मेहनत पाण्यात. ‘तुम्ही सांगितलेला माणूस आज न्यायालयात आहे का? असल्यास दाखवा’ एवढेच. मुद्देमालाचेही तसेच. पोलिसांनी पंचनाम्याने जप्त केलेली केबल आधी दाखवून ‘हीच ती केबल का?’ विचारू नका. ती पिशवीतून बाहेर काढायच्या आधी विचारा: ‘तुमच्या विहिरीवरच्या केबलची काही ओळख सांगता येईल का?’ ‘मध्ये एक सांधा होता, त्यावर मी लाल पट्टी गुंडाळली होती’ असे उत्तर आले, की मग वस्तू समोर ठेवा आणि ‘हे काय आहे ते पाहून सांगा’ म्हणा. क्रम उलटा झाला तर लाल पट्टीची किंमत शून्य होते, कारण साक्षीदाराने ती तिथेच बघून सांगितली असे कोणीही म्हणेल.

आता जे प्रत्यक्षात बिघडते ते. साक्षीदार एक मुद्दा गाळतो. समजा, जबाबात त्याने बटाईदाराजवळ कटर पाहिल्याचे सांगितले आहे आणि साक्षीत ते येत नाही. इथे वकील घाबरून ‘त्याच्याकडे कटर होते का?’ विचारतो. आधी त्याच्या नजरेला ठिकाण द्या, वस्तू देऊ नका: ‘आता त्याच्या हातांबद्दल विचारतो. झोत हातावर पडला तेव्हा काय काय दिसले?’ विषय जाहीर करायला हरकत नाही. विषयात उत्तर मिसळायचे नाही. ‘आता कटरबद्दल विचारतो’ ही घोषणा सूचक प्रश्नच आहे. तरीही आले नाही तर ‘त्याच्या आसपास आणखी काही दिसले का?’ एवढा एक प्रयत्न करा आणि पुढे जा. कटर न आल्याने खटला पडत नाही. ते तोंडात कोंबले तर अख्ख्या ओळखीवर शंका येते.

इथे इंटरनेटवरच्या अमेरिकी मॉक ट्रायलच्या चित्रफिती फार दिशाभूल करतात. तिथला वकील साक्षीदाराच्या हातात त्याचाच आधीचा जबाब देतो, ‘वाचा, आठवले का?’ म्हणतो आणि काम होते. आपल्याकडे पोलिसांनी तपासात नोंदवलेला जबाब असा वापरता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ ने, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६२ ने, त्याच्या वापरावर बंधन आहे. तो मुख्यतः साक्षीदाराच्या साक्षीतली विसंगती दाखवण्यासाठी, आणि सरकार पक्षाला त्यासाठीही न्यायालयाची परवानगी लागते. स्मरण ताजे करण्याची तरतूद साक्ष्य अधिनियमाच्या कलम १६२ मध्ये आहे, पण ती मूलतः साक्षीदाराने स्वतः घटनेच्या वेळी किंवा लगेच नंतर लिहिलेल्या किंवा तपासून खरे मानलेल्या लेखाबद्दल आहे. (दोन्ही कायद्यांत १६२ हाच आकडा आल्याने तोंडी परीक्षेत गोंधळ उडतो, म्हणून कायद्याच्या नावासकट सांगा.) साक्षीदार उघड विरोधात गेला तर कलम १५७ खाली परवानगी मागून उलटतपासासारखे प्रश्न विचारता येतात. एक मुद्दा विसरला म्हणून त्याला फितूर ठरवायला धावणे मात्र हास्यास्पद दिसते.

दुसरा बिघाड उलट्या दिशेचा. तुमच्या मित्राने प्रकरण पाठ केलेले असते, म्हणून पहिल्याच प्रश्नाला तो विहिरीपासून पोलीस ठाण्यापर्यंतची कथा सांगून टाकतो. थांबवायला बिचकू नका. ‘थोडे थांबा. तुम्ही निंबाजवळ थांबलात असे म्हणालात, तिथले आधी सांगा.’ हाही त्याच्याच शब्दावर उभा प्रश्न आहे. आणि सरावात त्याला एक ताकीद द्या: मदत म्हणून जबाबात नसलेली गोष्ट घालायची नाही. ‘चांदणं पण होतं’ असे एक वाक्य त्याने आपल्या पदरचे घातले, की ते पोलिसांना का सांगितले नाही यावर उलटतपास दहा मिनिटे चालतो.

हरकत आली तर वाद घालू नका. प्रश्न खरोखर प्रास्ताविक असेल तर कलम १४६(३) एका वाक्यात सांगा. नसेल तर ‘प्रश्न बदलतो’ म्हणा. पण बदलताना ‘त्याच्या हातात केबल होती ना?’चे ‘केबल होती की नव्हती?’ करू नका. केबल अजून प्रश्नातच बसलेली आहे. एक पायरी मागे जा: ‘तुम्ही निंबाजवळ उभे होतात. तिथून काय पाहिले?’

सरावासाठी मी मुलांना एकच चाळणी देतो. प्रकरणाचे कागद न वाचलेल्या एका मित्राला बसवा आणि त्याला फक्त तुमचे प्रश्न वाचून दाखवा, उत्तरे नाहीत. मग त्याला विचारा, काय घडले असेल? तो ‘कोणीतरी रात्री मळ्यात होता आणि त्याने काहीतरी पाहिले’ एवढेच सांगू शकला तर तुमचे प्रश्न ठीक आहेत. ‘बटाईदाराने केबल कापली आणि तो पळाला’ असे सांगितले तर कुठल्या प्रश्नावरून कळले ते त्याच्याकडूनच खूण करून घ्या. पुढच्या फेरीत साक्षीदाराला सांगा की शक्य तितके तोकडे उत्तर द्यायचे, जास्तीत जास्त चार शब्द. त्याच्या चार शब्दांतून पुढचा प्रश्न काढता आला की लिहिलेल्या कागदाकडे बघायची गरज पडत नाही. तुम्ही सरतपास ऐकायला लागता.

न्यायालयात जाऊन खरा सरतपास बघणार असाल तर काय बघायचे हे ठरवून जा. दिवाणी दाव्यांत तो क्वचितच ऐकायला मिळेल, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम ४ नुसार सरतपास शपथपत्रावरच दाखल होतो आणि साक्षीदार थेट उलटतपासाला उभा राहतो. फौजदारी खटले बघा, शक्यतो सत्र न्यायालयातले. तिथेही ‘मग तुम्ही पोलीस स्टेशनला गेलात, बरोबर?’ असे प्रश्न सर्रास ऐकू येतील आणि कोणी हरकत घेणार नाही. त्यावरून हे चालते असा निष्कर्ष काढू नका. कलमाचे शब्दच असे आहेत की विरुद्ध पक्षाने हरकत घेतली तर सूचक प्रश्न विचारता येत नाही. बचावाच्या वकिलाला त्या मुद्द्यावर भांडायचे नसेल तर तो गप्प बसतो. शिवाय साक्ष बहुतेक कथनरूपात नोंदली जाते, त्यामुळे प्रश्न कसा होता हे कागदावर उरत नाही. परीक्षकाच्या कानावर मात्र प्रश्नच पडतो. आणि वादाच्या मूळ मुद्द्यावर सरकारी वकिलाने सूचक प्रश्न विचारणे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये वर्की जोसेफ विरुद्ध केरळ राज्य या निकालात न्याय्य सुनावणीच्या विरुद्ध मानले आहे. तोंडी परीक्षेत ‘हरकत नसेल तर चालते का?’ असे विचारले, तर उत्तरात हा निकाल यायला हवा.

राहिला फेरतपास, ज्याचा सराव कोणीच करत नाही. हाच नियम तिथेही लागतो आणि तिथे तुम्ही घाईत असता. उलटतपासात सालदाराने ‘निंब आणि विहिरीच्या मध्ये हरभऱ्याच्या ओळी होत्या’ असे कबूल केले, की लगेच उठून ‘पण हरभऱ्याच्या वरून तुम्हाला दिसत होते ना?’ विचारावेसे वाटते. ‘त्या हरभऱ्याची उंची किती होती?’ असे विचारा, उत्तर ‘गुडघ्याइतकी’ आले की खाली बसा. आणि ते उत्तर काय येणार हे ठाऊक नसेल तर उठूच नका.